मनोऱ्याची उंची काढताय? आधी अंतर कुठपर्यंत मोजलंय ते बघा

दहावीतलं उन्नत कोनाचं गणित सगळ्यांना येतं. अंतर गुणिले टॅन, त्यात डोळ्याची उंची मिळवली की झालं. पण खऱ्या मनोऱ्यासमोर टेप घेऊन उभं राहिलं की गडबड होते, आणि मला ती समजायला फार वेळ लागला, कारण पुस्तकातला मनोरा म्हणजे नुसती एक उभी रेघ असते.

कुतुबमिनार घ्या. उंची 72.5 मीटर, पायथ्याचा व्यास साधारण 14.3 आणि माथ्याचा जेमतेम 2.75. आता भिंतीपासून 80 मीटरवर उभे राहिलात, डोळा जमिनीपासून दीड मीटरवर, आणि माथ्याच्या तुमच्याकडच्या कडेला नेम धरला तर कोन येईल सुमारे 39.6 अंश. टॅन 0.827. 80 ने गुणलं की 66.2, अधिक दीड, म्हणजे 67.7 मीटर. जवळपास पाच मीटर गायब!

कोन बरोबर आहे, आकडेमोडही बरोबर आहे, अंतर चुकलंय. त्रिकोणाचा काटकोन भिंतीच्या पायाशी नाहीच, ज्या बिंदूला नेम धरला त्याच्यावरून ओळंबा सोडला तर तो जिथे जमिनीला टेकेल तिथे आहे, आणि मिनार वर निमुळता होत गेल्यामुळे ती जागा भिंतीच्या आत जाते. किती आत? दोन त्रिज्यांचा फरक, 7.15 वजा 1.38, म्हणजे अंदाजे 5.8 मीटर. 85.8 गुणिले 0.827 करा, दीड मिळवा, 72.5 येतात. मनोरा गोल असो की चौकोनी, वर निमुळता असेल तर हे बघावंच लागतं. ‘दिलेलं अंतर घ्या आणि टॅन लावा’ एवढंच शिकवणाऱ्या क्लासवर माझा अजिबात विश्वास नाही, एकदा तरी पोरांना टेप घेऊन बाहेर न्या ना.

घाबरू नका, ही चूक पकडता येते. त्याच रेषेत पुढे येऊन 40 मीटरवरून परत कोन घ्या. तो 57.2 च्या आसपास येईल, टॅन 1.552, आणि त्याच चुकीच्या पद्धतीने उंची निघेल 63.6. जवळ गेल्यावर उंची कमी झाली की समजायचं, अंतरात काहीतरी राहिलंय. ते राहिलेलं अंतर क्ष धरा, (80 + क्ष) × 0.827 = (40 + क्ष) × 1.552 सोडवा, क्ष साधारण 5.6 येतो, व्यास माहीत नसला तरी चालतं.

फक्त कोन नीट घ्या. कोनमापकाला दोरा बांधून केलेल्या साधनावर एक अंश हुकला तर 80 मीटरवरून उंचीत अडीच मीटरचा फरक पडतो, म्हणून तीन-चार वेळा वाचून सरासरी काढा. आणि टॅन 39.6 चं उत्तर उणे आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे, आधी तो डिग्रीवर आणा.