अतिशीतित पाण्याचा प्रयोग का फसतो? या चुका टाळा

फ्रीजरमधून काढलेल्या बाटलीतले पाणी शून्याखाली असूनही पातळ राहते आणि टेबलावर आपटताच क्षणात गोठू लागते, हा प्रयोग अनेकजण करून पाहतात. पण बहुतेकांच्या हाती एकतर नुसते गार पाणी लागते किंवा आधीच गोठलेली बाटली.

पहिली चूक ‘शुद्ध’ या शब्दाच्या अर्थात आहे. आरओचे पाणी घेतले, टीडीएस कमी आहे, म्हणजे काम झाले असे वाटते; परंतु विरघळलेले क्षार गोठणबिंदू किंचित खाली नेतात, ते गोठणे सुरू करून देत नाहीत. अडचण असते ती न विरघळलेल्या धूलिकणांची आणि बाटलीच्या आतल्या ओरखड्यांची. बर्फाचा अगदी सूक्ष्म स्फटिक स्वतःच्या आकारमानाच्या मानाने फार मोठा पृष्ठभाग बाळगतो, त्यामुळे तो वाढण्याऐवजी पुन्हा वितळतो. एखाद्या योग्य कणाचा आधार मिळाला, तरच तो टिकण्याइतका मोठा होतो. असा आधार मुळीच नसेल, तर पाण्याचे सूक्ष्म थेंब साधारण उणे 38 अंश सेल्सिअसपर्यंत द्रव राहू शकतात. बाटलीभर पाण्यात मात्र एखादा कण असतोच, म्हणून घरी उणे 5 ते उणे 8 अंशांवर समाधान मानावे. वापरून खरवडलेल्या बाटलीपेक्षा सीलबंद नवी बाटली बरी.

दुसरी चूक केवळ घड्याळावर विसंबण्याची. ‘अडीच तास ठेवा’ हा सल्ला दुसऱ्याच्या फ्रीजरचा असतो. शेजारी तशीच दुसरी बाटली ठेवून तिच्यात तापमापीची सळई सोडावी. मुख्य बाटलीत ती घालू नये, कारण सळईच गोठण्याला निमित्त ठरू शकते. शेजारच्या बाटलीचा पारा शून्यावरच अडून राहिला, तर तिच्यात बर्फ धरू लागला आहे, आणि मग तिच्यावरून मुख्य बाटलीचा अंदाज बांधता येत नाही.

तिसरी चूक अपेक्षेची आहे, आणि मला तीच सर्वांत मजेशीर वाटते. बाटली दगडासारखी घट्ट झाली नाही म्हणून प्रयोग फसला असे लोक समजतात. प्रत्यक्षात गोठताना एका ग्रॅममागे सुमारे 334 ज्यूल उष्णता बाहेर पडते आणि ती उरलेले पाणी तापवते. उणे 6 अंशांवरील 500 ग्रॅम पाण्याला शून्यावर आणायला 500 × 4.18 × 6, म्हणजे सुमारे 12,500 ज्यूल लागतात. एवढी उष्णता साधारण 38 ग्रॅम बर्फ तयार होताच मिळते आणि झपाट्याने गोठणे तिथेच थांबते. उरलेले साडेचारशेहून अधिक ग्रॅम पाणीच असते. म्हणून भुसभुशीत, सुयांसारखा बर्फ दिसणे हेच यश आहे.

आपटूनही काही घडले नाही, तर पाणी वाटीत ओतून त्यात बर्फाचा छोटा खडा टाकावा. तयार स्फटिक मिळूनही गोठण सुरू झाले नाही, तर पाणी शून्याखाली गेलेच नव्हते. आणि काचेची बाटली मुळीच वापरू नये. विसरून राहिली, तर पूर्ण गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगते आणि काच तडकते.