होम लोनचं प्री-अप्रूव्हड लेटर हातात आलं म्हणून लगेच टोकन देऊ नका

लेटरवर ४० लाख लिहिलंय ना, ते फक्त तुमचा पगार आणि सिबिल बघून लिहिलेलं असतं, घर बँकेने अजून बघितलेलंच नसतं. आमच्या सांगलीत विश्रामबागला ४५ लाखाचा फ्लॅट ठरला, पण बँकेच्या व्हॅल्युअरने ४० लाखच धरले, तर ३० ते ७५ लाखाच्या लोनला त्या व्हॅल्युएशनच्या जास्तीत जास्त ८० टक्केच मिळतात, म्हणजे ३२ लाख. उरलेले १३ लाख स्वतःचे, वर स्टॅम्प ड्युटी वेगळी. आणि गुंठेवारी नियमित नसेल तर बँकेच्या लीगल तपासणीलाच फाईल अडकते. म्हणून इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्या, बँकेने मालमत्ता नाकारली किंवा व्हॅल्युएशन कमी आलं तर टोकन पूर्ण परत. लेटरची मुदतही बघा, बहुतेक वेळा काही महिन्यांचीच असते.