पगार रखडला म्हणून नोकरी सोडताना पत्रातल्या या चुका टाळा

वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचे काम करणाऱ्या तरुणाचे नोकरी सोडतानाचे पत्र माझ्याकडे आले, ते दोनच ओळींचे होते: ‘काही वैयक्तिक कारणास्तव मी आजपासून राजीनामा देत आहे. आजवरच्या सहकार्याबद्दल आभारी आहे.’ पगार महिना २८,००० रुपये होता आणि पत्र २० मे रोजी दिले, त्या दिवशी दोन महिन्यांहून अधिक पगार कंपनीकडे अडकलेला होता. कंपनीचे उत्तर आठवड्याने आले. एक महिन्याची नोटीस न दिल्याने २८,००० रुपये वळते केले असून उरलेली रक्कम मंजुरीनंतर मिळेल, असे त्यात होते. पगार थकवणारी कंपनी कागदावर निर्दोष ठरली आणि करार मोडल्याचा ठपका त्या मुलावर आला.

पहिली आणि सर्वांत महाग चूक ‘वैयक्तिक कारण’ या दोन शब्दांत आहे. नोकरी का सोडली, याचा पहिला पुरावा म्हणजे आपलेच पत्र. त्यात पगाराचा उल्लेख नसेल, तर पुढे ‘पगार मिळत नव्हता म्हणून सोडली’ हे म्हणणे पश्चात बुद्धीचे वाटते. भिडेपोटी किंवा अनुभवाचे प्रमाणपत्र अडवतील या धास्तीने लोक असे लिहितात. काही ठिकाणी राजीनामा संगणकावरच द्यावा लागतो आणि कारणांच्या यादीत ‘पगार थकला’ हा पर्यायच नसतो. अशा वेळी ‘इतर’ निवडून ‘कारण सोबतच्या पत्राप्रमाणे’ असे लिहावे आणि पत्र वेगळे पाठवावे.

दुसरी चूक पत्राच्या आधी घडते, ती म्हणजे महिनोन्महिने गप्प राहणे. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३९ नुसार समोरच्याने करार पाळण्यास पूर्ण नकार दिला किंवा स्वतःला तसे असमर्थ करून घेतले, तर करार संपवता येतो. मात्र तो चालू ठेवण्यास आपण शब्दांनी किंवा वागण्याने संमती दिलेली नसावी. कलम ५५ मध्येही अशीच मेख आहे. ठरलेल्या वेळेनंतर मिळालेली गोष्ट निमूट स्वीकारली, तर त्या उशिराची भरपाई मागता येत नाही. ती हवी असेल तर स्वीकारतानाच तसे कळवावे लागते. म्हणून उशिरा पगार जमा झाला की त्याच दिवशी दोन ओळींचा ई-मेल करावा: ‘पगार विलंबाने मिळाला, विलंबाबाबतचा माझा हक्क राखून तो स्वीकारत आहे.’

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. एखाद्या महिन्यात आठ-दहा दिवस उशीर झाला, एवढ्यावर करारभंग म्हणून नोकरी संपवल्याचे पत्र दिल्यास ते टिकेलच असे नाही, कारण उशीर म्हणजे नकार नव्हे, हा बचाव कंपनीला उरतो. तो बोथट होतो तो पुनरावृत्तीने आणि लेखी मुदत देऊनही पगार न आल्याने. म्हणून पत्रे दोन असावीत. पहिले मुदतीचे आणि दुसरे समाप्तीचे.

त्या तरुणाच्या तारखा अशा होत्या. वेतन संहिता २०१९ नुसार मासिक पगार पुढच्या महिन्याची ७ तारीख संपण्यापूर्वी मिळायला हवा. जानेवारीचा पगार २४ फेब्रुवारीला, म्हणजे १७ दिवस उशिरा आला. फेब्रुवारीचा २९ मार्चला, २२ दिवस उशिरा. मार्चचे निम्मेच १४,००० रुपये ३० एप्रिलला मिळाले आणि एप्रिलचा पगार ७ मे उलटली तरी आला नाही. त्याने ८ मे रोजी या चारही नोंदी लिहून, १८ मेपर्यंत थकबाकी न मिळाल्यास तो करारभंग समजून सेवाकरार संपवीन, असे कळवले असते, तर २० मेच्या पत्राला पाया मिळाला असता. प्रत्यक्षात त्याने लेखा विभागातल्या साहेबांना व्हॉट्सॲपवर पाच-सहा वेळा विचारले होते आणि ‘पुढच्या आठवड्यात करतो’ अशी उत्तरे आली होती. ती उत्तरे फोनमध्ये जपून ठेवावीत, फोन बदलताना घालवू नयेत. मात्र मुदतीच्या पत्राची जागा ती घेत नाहीत.

समाप्तीच्या पत्राचा गाभा असा असावा:

‘दिनांक ८ मे रोजीच्या पत्राने दिलेली मुदत १८ मे रोजी संपली असून थकीत वेतन मिळालेले नाही. वेतन वेळेवर देणे ही सेवाकराराची मूलभूत अट असून तिचा आपण वारंवार भंग केला आहे. या भंगामुळे मी आजपासून सेवाकरार संपुष्टात आणत आहे. हा स्वेच्छेचा राजीनामा समजू नये. मार्चचे उर्वरित १४,०००, एप्रिलचे २८,००० आणि १ ते २० मेचे १८,०६५ असे एकूण ६०,०६५ रुपये वेतनापोटी येणे आहे. रजेचे वेतन व इतर देणी याशिवाय असून, करार संपल्याने यातील कोणताही हक्क मी सोडलेला नाही.’

मेचा आकडा २८,००० ला ३१ ने भागून २० ने गुणल्यावर येतो. कंपनी २६ दिवसांचा हिशेब धरत असेल, तर तसे धरून पद्धत पत्रातच लिहावी. रकमेपुढे ‘फक्त’ किंवा ‘अंतिम’ असे शब्द टाकू नयेत, नाहीतर पुढे भविष्य निर्वाह निधीत भरणा झालेला नाही असे दिसल्यावर तोच शब्द आडवा येतो. नोटिशीचा मुद्दाही पत्रात घ्यावा: ‘करार आपल्या भंगामुळे संपत असल्याने नोटीस काळापोटी कपात मान्य नाही.’ हे अखेर टिकेल का, ते भंग किती सिद्ध होतो त्यावर ठरते. पण लिहिले नाही तर वादच उरत नाही.

पत्र देण्याआधीच कामावर जाणे बंद करणे, हीदेखील चूक आहे, कारण मग कंपनी विनापरवाना गैरहजेरीची नोटीस आधी काढते. पत्र कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने, पोहोच पुराव्यासह पाठवावे आणि तेच ई-मेलनेही पाठवावे. ओळखपत्र, मोजमापाची साधने, लॅपटॉप परत करून सहीची पोच घ्यावी.

शेवटची चूक हिशेबाच्या टेबलावर होते. ‘माझे कोणतेही येणे बाकी नाही’ असे छापलेल्या कागदावर सही केली तरच अनुभवपत्र मिळेल, असे सांगितले जाते. रक्कम पूर्ण नसेल तर ते वाक्य खोडून, ‘रु. अमुक मिळाले, उर्वरित हक्क राखून’ असे स्वतःच्या हाताने लिहून सही करावी आणि कागदाचा फोटो घ्यावा. तेवढे करू देत नसतील, तर सही टाळून त्याच संध्याकाळी घडलेले ई-मेलने कळवावे.

नोकरी सोडल्यावर वेतन दोन कामाच्या दिवसांत देण्याची तरतूद त्याच संहितेत आहे, म्हणजे २० मेला संपलेल्या करारात २२ मेपर्यंत. पैसे आले नाहीत, तर हक्क निर्माण झाल्यापासून तीन वर्षांच्या आत वेतन दावा अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ठरलेल्या रकमेवर तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार त्याला आहे. मुदत प्रत्येक महिन्याच्या पगाराला स्वतंत्र मोजली जाते. त्यामुळे मार्चच्या त्या निम्म्या पगाराची मुदत ७ एप्रिल उलटताच सुरू झालेली असते, पत्राच्या तारखेपासून नव्हे.