‘कुर्यात् सदा मंगलम्’: रूप एक, आशय दुसरा

संस्कृतच्या पहिल्या वर्षी मी मंगलाष्टकातल्या ‘कुर्यात्’पुढे ‘आशीर्लिङ्’ असं लिहिलं आणि बाईंनी ते खोडलं. अक्षता टाकताना म्हणतात तो आशीर्वाद, तेव्हा रूपही आशीर्वादाचंच असणार, असं मला वाटलं होतं. अर्थ बरोबर होता, पण लकार, म्हणजे काळ किंवा अर्थ दाखवणारा क्रियापदाचा प्रकार, चुकला होता. ‘कुर्यात्’ हे विधिलिङ्, म्हणजे विध्यर्थाचं रूप आहे. आशीर्लिङात कृ धातूचं ‘क्रियात्’ होतं.

दोन्हींतली खूण धातूच्या अंगात दिसते. विधिलिङ् गणाप्रमाणे घडलेल्या अंगावर उभं राहतं, म्हणून ‘भवेत्’मध्ये ‘भव’ दिसतो. आशीर्लिङाचा प्रत्यय थेट धातूला लागतो, म्हणून ‘भूयात्’मध्ये मूळ ‘भू’ तसाच राहतो. मात्र शेवटी ‘यात्’ दिसलं की लगेच निर्णय देऊ नका. गायत्री मंत्रातलं ‘प्रचोदयात्’ हे लेट् या फक्त वेदात येणाऱ्या लकाराचं रूप आहे.

खरी अडचण मला लोट् लकारात, म्हणजे आज्ञार्थात आली. पाणिनी ‘आशिषि लिङ्लोटौ’ (३.३.१७३) या सूत्रात आशीर्वादासाठी लिङ् आणि लोट् दोन्ही सांगतो, त्यामुळे नुसत्या रूपावरून आज्ञा की इच्छा हे ठरत नाही. तैत्तिरीय उपनिषदात गुरू शिष्याला ‘मातृदेवो भव’ म्हणतात. नमस्कार करणाऱ्याला वडीलधारे ‘आयुष्मान् भव’ म्हणतात. ‘भव’ तेच आहे. पण आईला देव मानणं शिष्याच्या हातात आहे, दीर्घायुषी होणं कुणाच्याच हातात नाही. म्हणून पहिली आज्ञा आणि दुसरी इच्छा. आपण ‘घरी राहा’ आणि ‘सुखी राहा’ म्हणतो, तिथेही हेच घडतं.

पाणिनीने यावर एक पडताळाही देऊन ठेवला आहे, तो मला फार आवडतो. आशीर्वादाच्या अर्थी लोट्‌मधल्या ‘तु’ आणि ‘हि’ या प्रत्ययांच्या जागी विकल्पाने ‘तात्’ येतो (७.१.३५). ‘चिरं जीव’च्या जागी ‘चिरं जीवतात्’ चालतं. ‘सत्यं वद’ ही आज्ञा आहे, तिला हा विकल्प नाही. पण हा नियम वेदाला लावू नका, तिथे ‘तात्’ साध्या आज्ञेतही येतो.

देवाला उद्देशून ‘निर्विघ्नं कुरु मे देव’ म्हणतो तेव्हा हात-परीक्षा कोलमडते. विघ्न दूर करणं देवाच्या हातात आहेच, तरी ही आज्ञा नव्हे, कारण मागणारा लहान आहे आणि देणारा मोठा. ही प्रार्थना. म्हणून मी आता दोन गोष्टी बघते: क्रिया ऐकणाऱ्याच्या हातात आहे का, आणि बोलणारा त्याला सांगण्याच्या जागी आहे का.

संस्कृतातला प्रथम पुरुष, म्हणजे मराठीतला तृतीय पुरुष, दिसला की इच्छाच, असंही धरू नका. ‘शुभास्ते पन्थानः सन्तु’ ही इच्छा आहे, पण ‘आगच्छतु भवान्’ म्हणजे ‘आपण या’. तिथे प्रथम पुरुष फक्त आदरासाठी आलेला असतो.