कॅगच्या अहवालातला एक पॅरा शेवटपर्यंत कसा वाचावा

कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आला की बातमीत एकच मोठा आकडा येतो. त्या आकड्याची खरी किंमत कळायला हवी असेल, तर अख्खा अहवाल हाती घेऊ नका. एकच पॅरा निवडा आणि त्याचा माग काढा.

आधी निकष शोधा. लेखापरीक्षक खर्चाची तुलना कशाशी करतो आहे? नियमाशी, मंजूर अंदाजपत्रकाशी, की बाजारभावाशी? निकष नियमाचा असेल तर आक्षेप भक्कम असतो.

मग आकड्याची जात ओळखा. इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. जादा दिलेली रक्कम हा प्रत्यक्ष तोटा, तर मिळू शकला असता पण मिळाला नाही तो महसूल हा अनुमानित तोटा. २०१० चा टू-जी स्पेक्ट्रमचा अहवाल पाहा. २००८ मध्ये मोबाइल सेवेचे १२२ परवाने २००१ च्या दराने दिले गेले होते. त्यातून झालेल्या तोट्याचे कॅगने वेगवेगळ्या पद्धतींनी अंदाज काढले. एका कंपनीने देऊ केलेल्या रकमेवरून सुमारे ६७ हजार कोटी रुपये निघाले, थ्री-जी लिलावाच्या भावावरून सुमारे १ लाख ७६ हजार कोटी. लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा, सर्वांत मोठा आकडा. माझ्या मते त्या अहवालाचा खरा कणा वेगळाच होता: अर्जांची अंतिम तारीख मागाहून अलीकडे ओढली गेली आणि १२२ पैकी ८५ परवाने अपात्र अर्जदारांना मिळाले. हे आक्षेप कोणत्याही अंदाजावर अवलंबून नव्हते.

त्यानंतर विभागाचे उत्तर आणि त्यावर लेखापरीक्षकाचे म्हणणे वाचा. उत्तरात आकडे मान्य करून फक्त कारणे दिली असतील, तर आक्षेप टिकला असे समजा.

पुढचा मुक्काम लोकलेखा समितीचा. संसदेच्या या समितीत २२ सदस्य असतात, मंत्री तिचे सदस्य होऊ शकत नाहीत आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. ती सचिवांची साक्ष घेते, पण मोजक्याच पॅऱ्यांवर, त्यामुळे तुमचा पॅरा तिथे सापडेलच असे नाही. समिती पक्षांत दुभंगली तर कामच अडते: टू-जीवरचा मसुदा २०११ मध्ये बहुमताच्या विरोधामुळे मंजूर झाला नाही.

समितीचा अहवाल मिळाला, तर त्यावरचा कार्यवाही अहवालही शोधा. सरकारने सहा महिन्यांत उत्तर देणे अपेक्षित असते. त्या अहवालात शिफारशींची प्रकरणवार विभागणी असते: सरकारने स्वीकारलेल्या, समितीने पाठपुरावा सोडलेल्या, उत्तर अमान्य करून पुन्हा मांडलेल्या आणि केवळ अंतरिम उत्तर मिळालेल्या. थेट शेवटची दोन प्रकरणे उघडा. पैसे परत मिळवण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार कॅगलाही नाही आणि समितीलाही नाही, म्हणून सरकारने कुठे टाळाटाळ केली ते या दोन प्रकरणांतच नोंदलेले सापडते.