लँडफिल अजून किती वर्षं चालेल? हिशेब मांडताना या चुका टाळा

एक लँडफिल आहे असं धरू. नुकत्याच झालेल्या सर्व्हेप्रमाणे आजच्या पृष्ठभागापासून मंजूर अंतिम उंचीपर्यंत ६,००,००० घनमीटर जागा उरली आहे. वजनकाट्यावर रोज सरासरी २५० टन कचरा नोंदला जातो, म्हणजे वर्षाला ९१,२५० टन. दाबून बसवलेल्या कचऱ्याची घनता घनमीटरला ०.७५ टन आणि कचरा व तो झाकायला रोज टाकायची माती यांचं प्रमाण आकारमानानं ४:१ आहे.

या आकड्यांवरून पहिला माणूस ४.९ वर्षं सांगतो, दुसरा ३.६ आणि तिसरा २.८. भागाकार तिघांचाही बरोबर आहे. चूक झाली आहे ती कोणता आकडा कशाला लावायचा यात. नव्या जागेची तयारी कधी सुरू करायची हे याच उत्तरावर ठरतं, आणि त्या तयारीलाच काही वर्षं लागतात. म्हणून दोन वर्षांचा हा फरक मला किरकोळ वाटत नाही.

अंतिम आच्छादन आधी वजा करा

मंजूर अंतिम उंची म्हणजे बंद झालेल्या लँडफिलचा वरचा माथा. त्यात कचऱ्यावर शेवटी येणारे माती, पाण्याचा अडसर आणि निचऱ्याचे थरही धरलेले असतात. आपल्या उदाहरणात हे आच्छादन १ मीटर जाड आणि क्षेत्र ६ हेक्टर धरू. म्हणजे ६०,००० घनमीटर जागा कचऱ्याची नाहीच. उरले ५,४०,००० घनमीटर. उतारांवर थराची जाडी उताराला काटकोनात मोजतात, त्यामुळे उभ्या मापात ती थोडी जास्त भरते. ३ आडवे, १ उभा अशा उतारावर हा फरक साधारण ५ टक्के असतो.

पहिल्या माणसानं ही वजाबाकी केली नाही आणि रोजची मातीही धरली नाही. ९१,२५० भागिले ०.७५ म्हणजे वर्षाला १,२१,६६७ घनमीटर, आणि ६,००,००० ला त्यानं भागलं की ४.९ वर्षं.

४:१ म्हणजे २५ टक्के माती नव्हे

चार भाग कचरा आणि एक भाग माती मिळून पाच भाग होतात. म्हणजे एकूण जागेपैकी माती २० टक्के घेते. कचऱ्याच्या आकारमानाशी तुलना केली तर मात्र ती २५ टक्के असते. दोन्ही टक्केवाऱ्या खऱ्या आहेत, फक्त आधार वेगळा आहे. उपलब्ध जागेतून माती वजा करायची असेल तर ०.८० नं गुणा; कचऱ्याच्या आकारमानात माती मिळवायची असेल तर १.२५ नं गुणा. माती २५ टक्के समजून जागेला ०.७५ नं गुणलंत तर चुकलात.

बरोबर मांडणी अशी: १,२१,६६७ गुणिले १.२५ म्हणजे वर्षाला सुमारे १,५२,००० घनमीटर, आणि ५,४०,००० भागिले १,५२,००० म्हणजे ३.५५ वर्षं. दुसऱ्या माणसाचं उत्तर हेच आहे.

माती दोनदा मोजणं

तिसऱ्याची चूक सगळ्यात फसवी आहे, कारण त्याच्याकडचा आकडा सर्वांत विश्वासार्ह होता. घनता त्यानं पुस्तकातून घेतली नाही, आपल्याच जागेवरून काढली. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा असे दोन सर्व्हे एकमेकांवर ठेवले, मधलं आकारमान १,५२,००० घनमीटर आलं, आणि वजनकाट्यावरच्या ९१,२५० टनांना त्यानं भागलं. घनता आली ०.६० टन प्रति घनमीटर. इथवर काम उत्तम.

मग त्यानं हा ०.६० नेहमीच्या तक्त्यात 'घनता' या रकान्यात घातला. तक्त्यानं सवयीप्रमाणे त्यावर १.२५ चा मातीचा गुणक लावला. वर्षाची गरज १,९०,००० घनमीटरवर गेली आणि आयुष्य २.८ वर्षांवर आलं.

पण दोन सर्व्हेंमधल्या त्या १,५२,००० घनमीटरमध्ये माती आधीच बसलेली होती. वर फक्त कचऱ्याचं वजन आणि खाली कचरा व माती मिळून आकारमान, अशी ही घनता आहे. जागा किती कामी आली हे ती दाखवते, म्हणून तिला 'जागा-वापर घनता' म्हणू. ०.७५ ही मात्र निव्वळ कचऱ्याची घनता आहे. दोन्ही एकाच लँडफिलच्या असू शकतात: ०.७५ गुणिले ०.८० म्हणजे ०.६०.

तक्ता हाती आला की मी आधी एकच गोष्ट बघते: घनतेच्या छेदात जे आकारमान आहे, त्यात माती आहे की नाही? असेल तर मातीचा गुणक काढून टाका. नसेल तर लावा. तक्त्यात दोन वेगळे रकाने ठेवले आणि प्रत्येकावर त्याचं पूर्ण नाव लिहिलं, तर ही चूक पुन्हा होत नाही.

दोन्ही आकडे हाताशी असतील तर भाकितासाठी जागा-वापर घनता घ्या. तिच्यात कामगारांची खरी सवय, रस्त्यांसाठी टाकलेला मुरूम, जास्तीची माती सगळं आपोआप येतं. निव्वळ घनता उपयोगी पडते ती कॉम्पॅक्टरचं, म्हणजे कचरा दाबणाऱ्या यंत्राचं, काम कसं चाललं आहे हे पाहायला.

१५ सेंटिमीटर मातीवरून गुणोत्तर काढणं

आराखड्यात लिहिलेलं असतं: ३ मीटरचा थर, त्यावर रोज १५ सेंटिमीटर माती. मग कुणीतरी ३ भागिले ०.१५ करून २०:१ असं प्रमाण काढतं. या हिशेबात माती फक्त वरच्या सपाट भागावर पडते. प्रत्यक्षात दिवसाच्या ढिगाचं पुढचं तोंड आणि उघडी बाजूही झाकावी लागते.

आपल्या २५० टनांचं करून बघू. दाबल्यावर ते ३३३ घनमीटर होतात. ढीग ३ मीटर उंच आणि कामाचं तोंड १० मीटर रुंद असेल, तर काम दिवसाला सुमारे ११ मीटर पुढं सरकतं. वरचा सपाट भाग १११ चौरस मीटर. पुढच्या तोंडाचा उतार ३ आडवे, १ उभा असेल तर त्याची तिरकी लांबी साडेनऊ मीटर, म्हणजे ९५ चौरस मीटर. एक बाजू उघडी असेल तर तिचे आणखी १०५. एकूण ३११ चौरस मीटर, आणि १५ सेंटिमीटरच्या हिशेबानं माती ४७ घनमीटर. प्रमाण झालं ७:१. कागदावरचं २०:१ इथंच गेलं.

आता त्याच क्षेत्रावर ४:१ येण्यासाठी ८३ घनमीटर माती लागते, म्हणजे सरासरी २७ सेंटिमीटर. हे अशक्य वाटत असेल तर तोंडाजवळ उभं राहून पाहा. कचऱ्याचा पृष्ठभाग खड्ड्या-उंचवट्यांचा असतो. उंचवट्यावर १५ सेंटिमीटर बसेपर्यंत खड्ड्यात चाळीस भरलेली असते. म्हणून मातीचं प्रमाण आराखड्यातून घेऊ नका, रोजच्या मातीच्या खेपांवरून काढा. खेपा मोजताना लक्षात ठेवा की ट्रकमधली माती सैल असते आणि पसरून दाबली की कमी जागा घेते. तिचा काही भाग तर कचऱ्याच्या फटींत जिरतो आणि वेगळी जागा घेतच नाही.

प्रमाण बिघडलेलं दिसलं तर पहिला उपाय तोंडाची रुंदी. गाड्यांची रांग लागते म्हणून तोंड रुंद केलं जातं. मग रोजची प्रगती कमी होते, पण झाकायचा उतार वाढतो. तोंड १० ऐवजी २० मीटर केलं तर वरचं क्षेत्र तेवढंच राहतं, पुढचा उतार मात्र ९५ वरून १९० होतो. उघडी बाजू १०५ वरून ५३ होते. एकूण ३११ चं ३५४, म्हणजे रोज जवळपास १४ टक्के माती जास्त.

घनता अचानक वाढली किंवा घटली तर

एका महिन्यात घनता ०.६० वरून ०.९० झाली म्हणून कॉम्पॅक्टर चालवणाऱ्याचं कौतुक करण्याआधी सर्व्हेची अचूकता बघा. ६ हेक्टरवर उंचीत सरासरी १० सेंटिमीटरची चूक म्हणजे ६,००० घनमीटर. वर्षाच्या भरावात ती ४ टक्के असते. पण महिन्याचा भराव १२,७०० घनमीटरच असतो, आणि त्यात हीच चूक ४७ टक्के होते. म्हणून महिन्याच्या घनतेवरून काहीही ठरवू नका. पूर्ण वर्ष घेतलं की पावसात भिजलेल्या जड कचऱ्याचा आणि कोरड्या दिवसांतल्या हलक्या कचऱ्याचा परिणामही समतोल होतो.

घनता घटलेली दिसली तर आधी ड्रोनच्या नकाशावर मातीचा साठा शोधा. लँडफिलच्याच माथ्यावर रचून ठेवलेली माती सर्व्हेत भरलेली जागा म्हणून मोजली जाते. तो ढीग नकाशावर वेगळा रेखून वजा करा. त्यानंतरही घनता कमीच असेल, तर कचरा किती जाड थरात दाबला जातो ते मोजा. ६० सेंटिमीटरपेक्षा जाड थरात कॉम्पॅक्टरचा दाब खालपर्यंत पोचत नाही, आणि वरून कितीही फेऱ्या मारल्या तरी खालचा कचरा सैलच राहतो. चाकांचे झिजलेले दातेही हेच करतात.

वाढ, माथा आणि खचणं

कचरा दरवर्षी वाढत असेल तर साधा भागाकार चालत नाही. `V` उरलेली जागा, `V1` पहिल्या वर्षाची गरज आणि `r` वाढीचा दर घेऊन:

```
n = ln(1 + r*V/V1) / ln(1 + r)
```

४ टक्के वाढ धरली तर ३.५५ चे ३.४ होतात. आयुष्य कमी असताना फरक लहान दिसतो. १५ वर्षांचं साधं उत्तर मात्र याच सूत्रानं १२ वर आलेलं दिसेल.

माथ्याजवळची शेवटची जागा पूर्ण धरू नका. ढीग वर जाईल तसा निमुळता होतो, गाड्यांना वळायला जागा उरत नाही, आणि थोड्या कचऱ्यामागे उतार जास्त झाकावे लागल्यानं मातीचं प्रमाण बिघडतं. जिथे ट्रक आणि कॉम्पॅक्टर एकाच वेळी वावरू शकत नाहीत, त्या उंचीवरचं आकारमान वेगळं काढून ठेवा.

राहिलं खचणं. कचरा कुजतो, खालचे थर दबतात आणि जागा परत मिळते, हे खरं. म्हणून काही जण उरलेल्या जागेत एकदम १५-२० टक्के मिळवतात. पण घनता दोन सर्व्हेंमधून काढली असेल, तर त्या वर्षात जुना कचरा जेवढा खचला तेवढी जागा तिच्यात आधीच जमा झाली आहे, आणि ती पुन्हा मिळवणं म्हणजे मातीसारखीच दुहेरी मोजणी. शिवाय खचण्याचा मोठा भाग अंतिम आच्छादन घातल्यानंतर घडतो, तेव्हा खाली गेलेल्या जागेत कचरा टाकता येत नाही. भरत असताना नेमकं किती खचतं हे जाणून घ्यायचं असेल, तर वर्षभर कचरा न टाकलेल्या भागाची पातळी दोन्ही सर्व्हेंत ताडून पाहा.