तपासणी बरोबर, तरी उत्तर चूक

(5x+1)/((x−1)²(x+2)) याचे आंशिक अपूर्णांक काढताना मी A/(x−1) + B/(x−1)² + C/(x+2) असं मांडलं. x=1 ठेवून B=2 आणि x=−2 ठेवून C=−1 मिळाले. A साठी x² चे सहगुणक जुळवताना चिन्ह चुकलं आणि A=−1 लिहिलं.

मग पडताळणीसाठी छेद काढून पुन्हा x=1 आणि x=−2 ठेवले. दोन्ही बाजू जुळल्या! जुळणारच, कारण या किमतींना A(x−1)(x+2) हे पद शून्य होतं. A काहीही असता तरी चाललं असतं.

नंतर मूळ राशीत x=0 ठेवलं: डावीकडे 1/2, उजवीकडे 1+2−1/2, म्हणजे 5/2. कुठला स्थिरांक चुकला ते कळावं म्हणून x=2 आणि x=3 घेतले. उजवी बाजू आता अनुक्रमे 2 आणि 1 ने कमी भरली. x=0 ला मात्र ती 2 ने जास्त होती. हा फरक नेमका −2/(x−1) सारखा वागतो, म्हणजे A दोनने कमी पडलाय. A=1 घेतल्यावर x=3 ला 1/2+1/2−1/5=4/5, आणि डावीकडेही 16/20.

दोन स्थिरांक चुकले, तर एखाद्या किमतीला चुका एकमेकींना खोडू शकतात. म्हणून मी आता छेद शून्य न करणाऱ्या निदान दोन किमती घेतो.